‘तू’वरून ‘आपण’वर गेलेलं पत्र : एका इंग्रजी अनुवादाचं प्रकरण

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या सचिवांनी माझ्याकडे एक पत्र अनुवादाला दिलं. पत्र जेमतेम एका पानाचं होतं. विषय देणगीच्या उरलेल्या रकमेचा. ज्यांना ते जायचं होतं ते इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सक आहेत, मूळचे महालातलेच, आणि मराठी उत्तम वाचतात. मग इंग्रजी कशाला? तर देणगी त्यांच्या घरच्या एका न्यासातून यायची होती. न्यासाच्या विश्वस्तांत त्यांची इंग्रज पत्नी आणि तिथलेच एक वकील आहेत, आणि पैसे सोडायला त्यांच्याही सह्या लागतात. म्हणजे एकच पत्र दोन प्रकारचे वाचक वाचणार होते: एकाला मूळ मराठी आणि इंग्रजी दोन्ही दिसणार, बाकीच्यांना फक्त इंग्रजी.

हे प्रकरण निवडण्याचं कारण असं की मराठी पत्रातले आदरार्थी शब्द इंग्रजीत कसे न्यायचे, हा प्रश्न एरवी ‘श्रीयुतला मिस्टर म्हणायचं की नाही’ इथेच अडकून पडतो. या पत्रात मात्र आदराची पातळीच बदललेली होती आणि तो बदल हाच पत्रातला खरा निरोप होता. संबंधित मंडळी ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, आडनावं आणि वाचनालयाचं नाव काढून टाकलं आहे.

मूळ पत्र असं:

> जा. क्र. …
> मा. डॉ. … यांस,
> स. न. वि. वि.
>
> आपले तीर्थरूप कै. दादासाहेब यांच्या स्मरणार्थ वाचनालयात अभ्यासिका उभारण्याचे आपण ठरविले होते. त्यापोटी आपण मान्य केलेल्या १२ लाख रुपयांपैकी ५ लाख रुपये वाचनालयास प्राप्त झाले, याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. उर्वरित रकमेबाबत सप्टेंबरमध्ये व पुन्हा जानेवारीत आपणांस लिहिले होते. आपल्या व्यग्रतेमुळे उत्तर देणे शक्य झाले नसावे, हे आम्ही समजू शकतो.
>
> अध्यक्षांनी स्वतः बांधकामाची पाहणी केली असून स्लॅब न पडल्यास पावसाळ्यात भिंतींचे नुकसान होईल, असे त्यांचे मत आहे. तरी आपण आपला निर्णय कृपया एप्रिलअखेर कळवावा, म्हणजे पुढील व्यवस्था आपण करू. आपण योग्य तो विचार कराल अशी अपेक्षा आहे.
>
> मातोश्रींची प्रकृती आता बरी असेल अशी आशा करतो. आपणांस तसदी दिल्याबद्दल क्षमस्व. कळावे, लोभ असावा ही विनंती.
>
> आपला नम्र,
> सचिव

वरवर पाहिलं तर हे नेहमीचं, सभ्य, थोडं जुन्या वळणाचं संस्थेचं पत्र. वाचनालयाच्याच एका सदस्याने त्याचा इंग्रजी मसुदा आधी करून ठेवला होता. त्याची सुरुवात ‘रिस्पेक्टेड डॉक्टरसाहेब’, मध्ये दोनदा ‘युवर गुड सेल्फ’, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. ही इंग्रजी आपल्याकडच्या कचेऱ्यांतली आहे. इथे ती कोणालाही खटकत नाही, पण इंग्लंडातल्या वकिलाला ती लाचार तरी वाटेल किंवा शंभर वर्षांपूर्वीची तरी. सचिवांना मात्र वेगळीच तक्रार होती. “सगळं बरोबर आहे मॅडम, पण हे वाचून त्याला काहीच लागणार नाही,” ते म्हणाले. लागावं असं काय आहे पत्रात, ते मला तोवर दिसलं नव्हतं.

म्हणून मी त्यांच्याकडे आधीची पत्रं मागितली. पातळी समजून घ्यायची तर एकटं पत्र पुरत नाही, त्याच माणसाला त्याच माणसाने आधी काय लिहिलं ते समोर लागतं. सचिव हे निवृत्त शिक्षक. डॉक्टर त्यांचे विद्यार्थी, आणि डॉक्टरांचे वडील त्यांचे स्नेही. सप्टेंबरचं पत्र साध्या कागदावर हाताने लिहिलेलं होतं, जावक क्रमांक वगैरे काही नाही. मायना होता ‘चि. … यास अनेक उत्तम आशीर्वाद’ आणि पुढे सगळीकडे ‘तू’. “तुझे दादा असते तर रोज येऊन विटा मोजल्या असत्या त्यांनी,” असं एक वाक्य. जानेवारीचं पत्र थोडं आखडतं, पण तरीही ‘तू’. आणि आता हे: छापील शीर्षकाचा कागद, जावक क्रमांक, ‘चि.’च्या जागी ‘मा. डॉ.’, आशीर्वादाच्या जागी ‘स. न. वि. वि.’, आणि ‘तू’च्या जागी ‘आपण’.

मधली ‘तुम्ही’ची पायरी सरांनी गाळलीच होती. नागपुरात ओळख वाढली की आपण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर फार लवकर येतो, वयाचा मुलाहिजा न ठेवता. अशा गावात ज्याला शाळेपासून ‘तू’ म्हटलं त्याला ‘आपण’ लिहिणं म्हणजे दार लोटून घेणं. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मी त्याला लहानपणापासून पाहून राहिलो. हे पत्र हातात पडलं की पहिल्या ओळीलाच समजेल त्याला.”

डॉक्टरांना समजेल, मान्य. पण मराठीत ज्या शब्दांनी समजणार, त्यांपैकी एकही इंग्रजीत नाही. तिथे धाकट्याला, थोरल्याला, शिपायाला आणि न्यायाधीशाला एकच ‘यू’. सर्वनामात काहीच करता येत नाही, म्हणून पातळीचा बदल कुठे दाखवता येईल त्या जागा शोधाव्या लागतात. इंग्रजी पत्रात त्या जागा मुख्यतः तीन: मायना, क्रियापदाची घडण, आणि ‘मी’ लिहितो आहे की ‘समिती’ लिहिते आहे हे.

मायन्यापासून सुरुवात केली. आधीच्या दोन पत्रांचं इंग्रजी रूप विश्वस्तांना गेलं होतं ते वाचनालयातल्याच कोणीतरी केलेलं, आणि त्यात डॉक्टरांचं पहिलं नाव होतं, ‘डिअर’ लावून. म्हणजे इंग्रजीतला ‘तू’ तिथे होता. तोच माणूस तिसऱ्या पत्रात आडनावाने हाक मारतो, हा इंग्रजी वाचकाला कळणारा गारवा आहे. त्याला साजेसा शेवटही हवा. ब्रिटिश रिवाज असा की आडनावाने सुरुवात असेल तर शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’, आणि नाव न घेता ‘डिअर सर’ असेल तर ‘युवर्स फेथफुली’. ‘डिअर सर’पर्यंत जायचं नव्हतं, तो अनोळखी माणसाचा मायना झाला असता, आणि सरांना दुरावा दाखवायचा होता, अनोळख नव्हे. पहिल्या नावाच्या पत्रात ‘विथ बेस्ट विशेस’ किंवा ‘वॉर्म रिगार्ड्स’ लिहिलेलं असतं. ते गाळलं की आणखी एक पायरी खाली उतरता येतं. ‘लोभ असावा’ आणि ‘आपला नम्र’ या दोघांचं काम ‘युवर्स सिन्सिअरली’ एकट्याने करतं. त्यांचा शब्दाला शब्द शोधायला गेलं तर सदस्याच्या मसुद्यासारखं काहीतरी होतं.

इथे एक खास अडचण आली. सरांनी ‘मा. डॉ.’ लिहिलं होतं आणि इंग्रजीत ‘डॉक्टर’ हवं असा त्यांचा आग्रह होता. पण इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सकाला रिवाजाने ‘मिस्टर’ म्हणतात, ‘डॉक्टर’ नाही. औषधोपचार करणारे वैद्य तेवढे डॉक्टर. पूर्वी शस्त्रक्रिया करणारे लोक न्हाव्यांच्या संघात मोडत, त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नसे, तेव्हापासूनचा हा रिवाज. आता तो उलटा मानाचा झाला आहे. नागपुरात डॉक्टरला मिस्टर म्हणणं म्हणजे त्याची पदवी काढून घेणं. सरांना ते पटेना. मग डॉक्टरांच्याच एका पत्राखालची छापील ओळ पाहिली, तिथे ‘मिस्टर’ होतं. माणूस स्वतःला जे म्हणवून घेतो ते त्याला म्हणावं, हा इंग्रजी शिष्टाचार इथे उपयोगी पडला आणि वाद मिटला.

आता पत्राच्या पोटात शिरू. पहिल्याच वाक्यात ‘तीर्थरूप’, ‘कै.’ आणि ‘दादासाहेब’ असे तीन मानाचे शब्द एका माणसाभोवती आहेत. त्यांपैकी ‘कै.’ ही माहिती आहे: वडील हयात नाहीत. ती इंग्रजीत एकदाच द्यायची, ‘युवर लेट फादर’ म्हणून, आणि पुढे नुसतं ‘युवर फादर’ किंवा ‘ही’. प्रत्येक वेळी ‘लेट’ लावलं तर शोकपत्र वाटतं. ‘तीर्थरूप’चा अर्थ ‘युवर फादर’मध्ये येऊन गेला. ‘दादासाहेब’ हे घरचं नाव, विश्वस्तांच्या कागदांत ते नसणार, म्हणून पाटीवर कोरायचं ठरलेलं पूर्ण नाव सरांकडून विचारून घेतलं आणि अभ्यासिकेच्या नावात ते घातलं. मराठी वाक्यात तीनदा वाकून केलेला नमस्कार इंग्रजीत एका शब्दात संपतो, पण माणसाची ओळख पूर्ण होते.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो ‘आपण’ या शब्दाला. मराठीत त्याचे तीन अर्थ आहेत. एक, आदराचा ‘तुम्ही’. दोन, बोलणारा आणि ऐकणारा दोघे मिळून, म्हणजे ‘तू आणि मी’. तीन, ‘स्वतः’. एरवी क्रियापद सोडवणूक करतं: ‘आपण जाऊ’ म्हटलं की दोघे, ‘आपण जाल’ म्हटलं की समोरचा. पण सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की ते कर्माप्रमाणे चालतं, कर्त्याकडे बघतही नाही. ‘अभ्यासिका उभारण्याचे आपण ठरविले होते’ यात कोणी ठरवलं हे वाक्य सांगत नाही. ‘ठरविलेत’ असा ‘त’ लागला असता तर समोरचा माणूस नक्की झाला असता, पण लेखी मराठीत आपण तो ‘त’ बहुतेकदा गाळतो. ‘आपण मान्य केलेल्या १२ लाख रुपयांपैकी’ यात तर ‘त’ लावायलाही जागा नाही. धातुसाधिताला पुरुष नसतो.

हा नुसता व्याकरणाचा घोळ नाही. ‘तुम्ही ठरवलंत’ आणि ‘आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं’ यांत वकिलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. सदस्याच्या मसुद्यात दोन्ही ठिकाणी ‘वुई’ होतं, म्हणजे वाचनालयाने आणि डॉक्टरांनी संगनमताने १२ लाख मान्य केले असं झालं होतं. खरं काय ते सरांना विचारलं. अभ्यासिकेची कल्पना डॉक्टरांची, फोन त्यांचाच आला होता, रक्कमही त्यांनीच सांगितली. समितीने नंतर ठराव करून स्वीकारली. म्हणजे दोन्ही ‘आपण’ म्हणजे ‘यू’. पण ‘मान्य केलेल्या’साठी ‘अ‍ॅग्रीड’ लिहिलं असतं तर वकिलाला त्यात कराराचा दावा वाचता आला असता, आणि सरांना दाव्याचं नावही नको होतं. देणगीच्या बाबतीत इंग्रजीत ‘प्लेज’ हा रुळलेला शब्द आहे: दिलेलं वचन, सक्ती नाही. ‘द ट्वेल्व्ह लाख रुपीज यू प्लेज्ड’ असं केलं, आणि ‘लाख’चं गणित विश्वस्तांना माहीत नसणार म्हणून लगेच १.२ दशलक्षचा आकडा जोडला.

मग आलं ते वाक्य: ‘तरी आपण आपला निर्णय कृपया एप्रिलअखेर कळवावा, म्हणजे पुढील व्यवस्था आपण करू.’ एका वाक्यात तीन वेळा तो शब्द आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. पहिला ‘आपण’ आदराचा तुम्ही. ‘आपला’ म्हणजे स्वतःचा. आणि शेवटचा, ‘करू’ला जोडलेला, तो निःसंशय ‘तू आणि मी’. पूर्ण पत्र दार लोटून बसलेलं आहे आणि या एका जागी फट ठेवलेली आहे. हे मुद्दाम आहे की हात सवयीने गेला? मी सरांना म्हणाले, इथे ‘आम्ही करू’ लिहिलं असतं तरी वाक्य बरोबर होतं. ते थोडे चिडलेच. “आम्ही कसं लिहीन? वाचनालय काय आमचंच आहे? त्याच्या बापानं इथं वीस वर्षं पुस्तकं वाटली. आम्ही म्हटलं तर त्याला बाहेरच काढलं ना मग.”

म्हणजे ते मुद्दाम होतं. इंग्रजीत ‘वुई’ला आत आणि बाहेर असा भेद नाही. नुसतं ‘सो दॅट वुई कॅन मेक फर्दर अरेंजमेंट्स’ लिहिलं तर कोणताही इंग्रजी वाचक ‘वुई’ म्हणजे वाचनालय असंच समजेल, आणि फट बंद होईल. म्हणून तिथे एक शब्द जादा घातला: ‘सो दॅट वुई कॅन वर्क आउट टुगेदर व्हॉट टू डू नेक्स्ट.’ मूळ मराठीत ‘मिळून’ नाही, तरी ‘टुगेदर’ हा वाढीव शब्द नव्हे. मराठी सर्वनामात जे होतं तेच तो बाहेर काढतो. शब्द वाढला की अर्थ वाढला असं समजणाऱ्या तपासनिसांशी माझं नेहमी वाजतं ते याच कारणाने.

त्याच वाक्यातलं ‘कळवावा’ पाहा. मराठीत विनंतीची शिडी क्रियापदातच असते: कळव, कळवा, कळवाल का, कळवावे, कळवावे ही विनंती. जसजसं वर जावं तसतसं अंतर वाढतं. इंग्रजीतही वाक्य जितकं लांबेल तितकं अंतर वाढतं, हे अनुवाद करणाऱ्याचं नशीब. ‘कॅन यू लेट मी नो’ हे ‘तू’चं, ‘प्लीज लेट मी नो’ मधलं, आणि ‘द कमिटी वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड लेट अस नो’ हे ‘कळवावा’चं. ‘कृपया’साठी वेगळं ‘काइंडली’ घालायची गरज नाही. या घडणीत ते मुरलेलं आहे, आणि इंग्लंडमध्ये ‘काइंडली’ बऱ्याचदा दटावणीच्या सुरात येतं. ‘एप्रिलअखेर’ला मात्र तारीख दिली, तीस एप्रिल. सभ्य भाषेत मुदत धूसर ठेवली तर ती मुदत राहत नाही. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, त्याआधी स्लॅब टाकून, पाणी मारून, सेंटरिंग काढायचं तर मे महिना हाताशी हवा, आणि मेच्या उन्हात पाणी मारण्यात कसूर चालत नाही. तारीख त्या हिशेबाने आलेली होती.

पुढचं ‘अशी अपेक्षा आहे’ हे फसवं आहे. मराठी पत्रात ते जवळजवळ पोकळ असतं, सभेच्या आभारप्रदर्शनासारखं. इंग्रजीत ‘वुई एक्स्पेक्ट’ म्हटलं की हुकूम झाला. ‘आय होप’ फार मऊ पडलं असतं आणि शेजारीच आईच्या तब्येतीचं ‘आय होप’ येणार होतं. शेवटी ते वाक्य गाळलंच. निर्णय कळवा, या तारखेपर्यंत कळवा, मग मिळून बघू, एवढं सांगून झाल्यावर ‘योग्य तो विचार कराल’ याने इंग्रजी वाचकाला नवं काही मिळत नव्हतं. गाळलेल्या वाक्यासमोर समासात तशी नोंद करून सरांची संमती घेतली. तोंडी ‘हो हो’ या कामात पुरत नाही.

‘क्षमस्व’चंही तसंच. तसदीबद्दल माफी मागायची मराठी रीत आहे, आणि मराठी वाचक ती माफी म्हणून वाचत नाही. इंग्रजीत ‘आय अ‍ॅपॉलोजाइज’ छापून आलं की वाचनालयाचं काहीतरी चुकलं असा अर्थ होतो. ज्याने वचन दिलं त्याला आठवण करून देणारा माफी मागत असेल, तर वकील त्याच्याकडे कसा बघेल? ते वाक्य काढलं. सरांना हे सगळ्यात जड गेलं. “इतकं रुक्ष?” असं दोनदा विचारलं त्यांनी.

आदर गेला कुठे मग? तो पहिल्या परिच्छेदात नेला. मराठीत ‘संस्था आपली ऋणी आहे’ हे पैसे मिळाल्याच्या वाक्याला लटकून येतं, म्हणून सवयीचं वाटतं. इंग्रजीत आभाराचं वेगळं वाक्य केलं आणि त्यात ठोस गोष्ट घातली: मिळालेल्या ५ लाखांतून पाया आणि भिंती उभ्या राहिल्या आहेत. इंग्रजी वाचकाला विशेषणांपेक्षा अशी ओळ आदराची वाटते, कारण ती सांगते की तुमच्या पैशाचं काय झालं ते आम्ही ध्यानात ठेवलं. ही माहिती मूळ पत्रात नव्हती. ती घालावी का, हे ठरवणं माझं काम नव्हे, म्हणून सरांनी आधी मराठी पत्रात ते वाक्य घातलं आणि मग ते इंग्रजीत आलं. दोन्ही पत्रं एकाच्या हातात पडणार असताना इंग्रजीत असलेलं आणि मराठीत नसलेलं वाक्य म्हणजे फुकटची शंका.

‘अध्यक्षांनी स्वतः पाहणी केली… असे त्यांचे मत आहे’ इथे मराठीचा आदर माहिती झाकतो. आदरार्थी बहुवचनामुळे अध्यक्ष बाई की पुरुष हे कळत नाही, आणि इंग्रजीला ‘ही’ की ‘शी’ हे लागतंच. विचारल्यावर कळलं की बाई आहेत, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या स्थापत्य अभियंता आहेत. ‘स्वतः’ हा शब्द मराठीत मानाचा आहे, एवढ्या मोठ्या व्यक्तीने जातीने येऊन पाहिलं असा. इंग्रजीत ‘हरसेल्फ’ लिहिलं तर दुसरं कोणी पाहायला तयार नव्हतं की काय, असा सूर लागतो. त्याच्या जागी त्या अभियंता आहेत हे सांगितलं की मान आणि वजन दोन्ही येतात, आणि भिंतींच्या नुकसानीचं म्हणणं वकीलसुद्धा गांभीर्याने घेतो. इथेही आधी मराठी पत्र बदललं.

आता टोमणा. ‘आपल्या व्यग्रतेमुळे उत्तर देणे शक्य झाले नसावे, हे आम्ही समजू शकतो.’ मराठी वाचकाला यातली धार लगेच लागते, आणि मला वाटलं होतं की हे वाक्य सगळ्यात कठीण जाईल. उलट तेच सोपं गेलं, कारण इंग्रजांनाही नेमका असाच टोमणा मारता येतो. आधी कोरडी नोंद: ‘आय रोट टू यू इन सप्टेंबर अँड अगेन इन जॅन्युअरी, अँड हॅव नॉट हॅड अ रिप्लाय.’ आणि तिला चिकटून: ‘आय रिअलाइज यू मस्ट बी व्हेरी बिझी.’ दुसरं वाक्य एकटं असतं तर सहानुभूती वाटली असती. पहिल्याच्या पाठीला लागून आलं की ती सहानुभूती राहत नाही. मराठीतलं ‘आपणांस लिहिले होते’ हे कर्ता न सांगणारं वाक्य आहे. इंग्रजीत कर्ता हवाच, तेव्हा तिथे ‘आय’ घेतला, कारण आधी लिहिलं ते सरांनीच, वैयक्तिक नात्याने. बांधकाम आणि मुदत यांच्या वाक्यांत मात्र ‘द कमिटी’. एका पत्रात दोन कर्ते ठेवल्याने डॉक्टरांना दिसतं की सर बोलताबोलता बाजूला होऊन समितीला पुढे करत आहेत. ‘तू’वरून ‘आपण’वर जाण्याच्या सगळ्यात जवळचं इंग्रजीत मला जे सापडलं, ते हेच.

आईच्या तब्येतीची चौकशी पैशाच्या पत्रात ठेवावी की नाही यावर सदस्यांत मतभेद होता. मी ठेवा म्हटलं. इंग्रजी व्यवहारपत्रात ती अगदीच आगंतुक वाटली असती, जर मधे आली असती तर. शेवटी, सहीच्या आधी, स्वतंत्र छोट्या परिच्छेदात, ‘आय होप युवर मदर इज फीलिंग बेटर’ असं एक वाक्य इंग्रजही लिहितात. ‘मातोश्री’चा आदर तिथे शब्दात नाही, विचारण्यातच आहे.

तपासणीसाठी मी एक रीत पाळते. नुसतं भाषा बघणाऱ्याला अनुवाद देऊन उपयोग नसतो, तो चुका काढेल पण सूर सांगणार नाही. म्हणून मूळ मराठी न दाखवता इंग्रजी पत्र इंग्रजी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला वाचायला दिलं आणि विचारलं: लिहिणारा वाचणाऱ्याहून मोठा की लहान, दोघांची ओळख जुनी की नवी, तो रागावलाय का, त्याला काय हवंय आणि कधीपर्यंत. तिची उत्तरं अशी: ओळख जुनी, कारण आईबद्दल विचारलंय. रागावलाय, पण पत्र तोडायला लिहिलेलं नाही. तारीख स्पष्ट आहे. वय मात्र तिला सांगता आलं नाही. ते मला अपेक्षितच होतं. सर गुरुस्थानी आहेत ही गोष्ट इंग्रजीत आणायला एक आख्खं वाक्य लागलं असतं, ‘तुम्हाला शिकवलेला माणूस या नात्याने’ अशा धर्तीचं. सरांनी ते स्पष्ट नाकारलं. “मग ‘आपण’ कशाला लिहिलं मी?” हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. नातं काढून ठेवून लिहिलेल्या पत्रात अनुवादाने नातं परत आणून ठेवायचं नसतं.

एक गोष्ट तशीच राहिली. ‘चि.’पासून ‘मा.’पर्यंत सरांनी गाळलेली जी मधली पायरी आहे, ती इंग्रजीत दिसत नाही. पहिल्या नावावरून आडनावावर येणं ही इंग्रजीत एकच उडी आहे, मराठीत दोन. तळटीप देता आली असती, पण भावना समजावून सांगणारी तळटीप पत्राला अहवाल करून टाकते. डॉक्टर मूळ मराठी वाचणारच होते. विश्वस्तांना उडी दिसली तरी पुरे होती.

पाठवताना सरांच्या सहीचं मराठी पत्र वर, त्याखाली इंग्रजी, आणि इंग्रजीवर ‘मूळ मराठी पत्राचा अनुवाद’ अशी ओळ. सही फक्त मराठीवर. दोन्हींवर सही केली तर मतभेद झाल्यावर कोणतं खरं हा प्रश्न उभा राहतो, आणि ‘आपण’सारखा शब्द असलेल्या पत्रात मतभेद व्हायला वेळ लागत नाही. जावक क्रमांक इंग्रजी पानावरही घातला, ‘अवर रेफ’ लिहून. सप्टेंबरच्या आणि जानेवारीच्या पत्रांवर तो नव्हता, हे डॉक्टरांच्या लक्षात येईल असं सरांचं म्हणणं पडलं.